सहाव्या वर्षी येणारी दाढ: प्रथम वर्षाच्या मुलांसमोर मी काय बोलेन

प्रश्न: मॅडम, आमच्या कॉलेजात बीडीएसच्या प्रथम वर्षाच्या मुलांचं स्वागत आहे आणि भाषण माझ्याकडे आलंय. बहुतेक मुलं धुळे, जळगाव, नंदुरबारचीच आहेत, पालकही येतील. पुढच्या वर्षांत कष्ट किती आहेत आणि त्यातून काय मिळतं, ते खरं खरं सांगायचंय. घाबरवायचं नाही, गोडगोडही बोलायचं नाही. तुम्ही उभ्या राहिलात तर काय बोलाल?

उत्तर:

मी एकच दाढ घेऊन उभी राहीन. खालच्या जबड्यातली पहिली कायमची दाढ. सगळा अभ्यासक्रम वीस मिनिटांत सांगायला गेलं की मुलांच्या डोक्यात विषयांची यादी उरते, आणि ती यादी त्यांना माहितीपुस्तकात मिळतेच. एका दाढेचा पाच वर्षं माग काढला तर कष्ट कुठे आहेत तेही दिसतं आणि ते कशासाठी आहेत तेही. मी बालदंत विभागातली असल्यामुळे ही दाढ माझ्या रोजच्या कामातली आहे. तू दुसऱ्या विभागातला आहेस, म्हणून उदाहरण तुझं घेतलंस तरी चालेल, पण एकच घे.

भाषण मी जसं बोलेन तसंच लिहून देते. निर्जंतुक केलेली एक खरी दाढ छोट्या बाटलीत घालून सोबत ने आणि पहिल्या रांगेत फिरव. पालकांकडेही बघून बोल. मधला एक भाग त्यांच्यासाठीच आहे.

* * *

मुलांनो, जिभेचं टोक खालच्या दातांना लावा. अगदी समोरच्या मधल्या दातापासून सुरुवात करा आणि एका बाजूने मागे जात मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. आता जीभ जिथे आहे ती सहावी. ही दाढ तुमच्या तोंडात सहाव्या-सातव्या वर्षी आली. ती आली तेव्हा कोणताही दुधाचा दात पडला नाही, कारण ती दुधाच्या दाढांच्या मागे, रिकाम्या जागेत येते. म्हणून तुमच्या घरात ती आलेली कोणाला कळलीही नसेल. पुढची पाच वर्षं, म्हणजे चार वर्षं शिक्षणाची आणि एक इंटर्नशिपचं, या दाढेला तुम्ही पुन्हा पुन्हा भेटणार आहात.

पहिली भेट मेणात होईल. दंतशरीररचनेच्या प्रॅक्टिकलला तुमच्या हातात मेणाचा एक चौकोनी ठोकळा, एक सुरी आणि कार्व्हर दिला जाईल. सुरुवात वरच्या पुढच्या दातापासून होते, दाढांची पाळी नंतर येते. या दाढेच्या शिरोभागाची, म्हणजे हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागाची, उंची साधारण 7.5 मिलिमीटर, पुढून मागे रुंदी 11 मिलिमीटर, गालाकडून जिभेकडे 10.5 मिलिमीटर, आणि मुळं 14 मिलिमीटर लांब. कोरायला सोपं जावं म्हणून माप दुप्पट घेतलं तर 11 चे 22 होतात. आधी ठोकळ्याच्या एका बाजूवर मापाने आकृती काढायची, दोन्ही कडा उतरवायच्या. मग ठोकळा फिरवून बाजूची आकृती काढायची, त्या कडा उतरवायच्या. त्यानंतर कोपरे गोल करायचे, आणि सगळ्यात शेवटी चावण्याच्या पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खाचा. हा क्रम बहुतेक जण मोडतात. खाचा कोरायला मजा येते म्हणून आधी त्याच कोरायला घेतात. मग बाजू उतरवताना अर्धी खाच निघून जाते आणि ठोकळा बाद होतो. मेण कापता येतं, परत चिकटवता येत नाही. दातावरही तेच आहे, आणि म्हणूनच हे आधी मेणावर शिकवतात.

तुमची दाढ जमली की नाही, हे ओळखायची एक परीक्षा सांगते. ती शेजारच्याच्या हातात द्या आणि विचारा, उजवीकडची की डावीकडची? त्याला सांगता आलं नाही, तर तुम्ही दाढेसारखं काहीतरी कोरलंय, दाढ कोरलेली नाही. खऱ्या दाढेला गालाकडे तीन उंचवटे असतात, जिभेकडे दोन. गालाकडचा सगळ्यात मागचा उंचवटा सगळ्यात लहान. शिरोभाग जिभेकडे कललेला. पुढचं मूळ रुंद आणि टोकाला मागे वळलेलं. या चार गोष्टी मेणात उतरल्या की बाजू आपोआप कळते. पहिल्या खेपेला हे कोणालाच येत नाही. पाचव्या-सहाव्या ठोकळ्याला डोळा मिलिमीटर ओळखायला लागतो, आणि हात त्याच्यामागून येतो. बारावीत 95 टक्के मिळवून आलेल्या मुलांना हाच धक्का जास्त बसतो, कारण पाठ करून हे येत नाही आणि एका रात्रीत तर मुळीच नाही. रोज अर्धा तास कोरणारा परीक्षेआधी आठवडाभर जागणाऱ्याच्या पुढे जातो, हे मी दरवर्षी बघते.

आपल्या भागातली एक अडचण आधीच सांगून ठेवते. परीक्षेचा सराव उन्हाळ्यात आला, तर आपल्याकडच्या उन्हात, हॉस्टेलच्या खोलीत, मेण हातातच मऊ पडतं. मऊ मेण कापलं जात नाही, ओढलं जातं आणि कडा बोथट होतात. ठोकळा मधून मधून गार पाण्यात बुडवा, पुसून घ्या, आणि सराव सकाळी लवकर करा.

दुसरी भेट पुस्तकात. इथे तुम्हाला एक तक्ता पाठ करायला सांगतील आणि तुम्ही म्हणाल, हे कशाला? या दाढेचं कठीण आवरण तयार व्हायला सुरुवात होते ती जन्माच्या सुमारास. शिरोभाग पुरा होतो अडीच ते तीन वर्षांनी. दाढ तोंडात दिसते सहा ते सात वर्षांची असताना. आणि मुळं पूर्ण होतात नऊ ते दहाव्या वर्षी. शेवटचे दोन आकडे नीट ऐका. दाढ बाहेर येऊन चावायला लागली, तरी पुढची तीनेक वर्षं तिची मुळं खालून उघडी आणि अपुरी असतात.

त्याच पुस्तकात सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं आहेत. इनॅमल म्हणजे दाताचं ते कठीण आवरण. ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येता येता संपून जातात. म्हणून इनॅमल एकदा गेलं की शरीर ते परत बनवू शकत नाही. इनॅमलखालचा डेंटिनचा थर बनवणाऱ्या पेशी मात्र दाताच्या आतल्या मऊ, जिवंत गाभ्याच्या, म्हणजे पल्पच्या कडेला आयुष्यभर जिवंत राहतात. आणि मुळाला आकार देणारा पेशींचा एक पातळ पडदा आहे, ज्याला हर्टविगचं नाव आहे. तो जिवंत आहे तोवरच मूळ लांब होतं. परीक्षेत ही तीन वाक्यं म्हणजे टीप लिहायचा एक प्रश्न. एका मुलाच्या बाबतीत या तीन वाक्यांनी काय ठरवलं, ते मी थोड्याच वेळात सांगणार आहे.

शरीररचनेच्या वर्गात तुम्ही खालच्या जबड्याचं हाड हातात घ्याल. त्याच्या आतल्या बाजूला एक छिद्र आहे, तिथून खालच्या दातांची नस आत शिरते. ते छिद्र बोटाने शोधा, डोळे मिटून शोधा. डिसेक्शन हॉलचा फॉर्मॅलिनचा वास पहिले दोन आठवडे जेवणापर्यंत पाठ सोडत नाही, मग सवय होते. शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन यांचा पसारा मोठा आहे, तिथे सुटका नाही. हजेरी 75 टक्के लागते आणि पास व्हायला 50 टक्के. ही अट हलक्यात घेणाऱ्यांची परीक्षा हुकते.

दुसऱ्या वर्षी खोटं डोकं भेटतं. धातूच्या दांड्यावर बसवलेला जबडा, त्यात प्लास्टिकचे किंवा काढलेले खरे दात. या डोक्यासमोर तुम्ही तासन्‌तास वाकून बसाल. आता मेणाच्या जागी फिरणारं यंत्र हातात असतं आणि वरच्या दाढा सरळ दिसत नाहीत, आरशात बघून काम करावं लागतं. आरशात हात उलटा चालतो. पुढे न्यायचा तर तो मागे जातो. हे अंगवळणी पडायला काही आठवडे जातात आणि त्या काळात चिडचिड होते. तेव्हाच बसायची पद्धत नीट लावून घ्या. कोपर अंगाजवळ, पाठ टेकलेली, मान वाकवायच्या ऐवजी रुग्णाचं डोकं फिरवायचं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची मान आणि कंबर चाळिशीत बोलायला लागली. ही सवय लागते दुसऱ्या वर्षी, खोट्या डोक्यासमोर. नंतर ती मोडत नाही.

तिसऱ्या वर्षी खरी माणसं समोर येतात, आणि शेवटच्या वर्षी आठ विषय एकत्र. प्रत्येक विभागात ठरावीक कामं पूर्ण करून सह्या घ्यायच्या असतात. इथे कष्टाचा प्रकार बदलतो. हात बऱ्यापैकी तयार असतो, पण रुग्ण तुमच्या वेळापत्रकाने चालत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत दिलेली तारीख चुकते. पहाटे धडगावहून निघालेला माणूस दुपारी पोचतो आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून अर्ध्या कामातून उठतो. तुमची सही राहते. त्याच्यावर चिडायचं नाही. त्याचा फोन नंबर घ्यायचा, घरचा दुसरा नंबर घ्यायचा, आणि पुढच्या खेपेला जेवढं एका बैठकीत होईल तेवढंच काम उघडायचं. हे तुम्हाला कोणत्याच पुस्तकात मिळणार नाही.

आता त्या मुलाची गोष्ट. मुलगा आठ वर्षांचा, साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातला. आई त्याला घेऊन ओपीडीत आली ती खरं तर स्वतःच्या दातासाठी. मुलगा गार पाणी एकाच बाजूने पितोय, हे आमच्या इंटर्न मुलीच्या नजरेला आलं. तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "दुधनी दाढ शे, पडी जाई." इंटर्न मुलीने आरसा घेतला, त्याच्या तोंडात समोरून मोजलं, आणि ती सहावी निघाली.

पालकांनो, हे तुमच्यासाठी. घरी सहा ते आठ वर्षांचं मूल असेल तर आज रात्री बॅटरी घेऊन खालच्या जबड्यात समोरच्या मधल्या दातापासून मोजा. त्या वयात पाचव्या क्रमांकापर्यंत दाढ दिसली तर ती दुधाची, पडणारी. सहावी दिसली तर ती कायमची. ती पडणार नाही आणि पडली तर दुसरी येणार नाही. तिच्या खाचा खोल असतात, ब्रश मागपर्यंत पोचत नाही, म्हणून आल्यापासून पहिल्या काही वर्षांतच ती किडते. किडायच्या आधी आणलीत तर आम्ही त्या खाचा एका पातळ लेपाने बुजवतो. सुई नाही, यंत्र नाही, काही मिनिटांचं काम.

या मुलाच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. इंटर्न मुलीने नीट विचारपूस केली. गार लागलं की कळ येते, पण पाणी गिळल्यावर थोड्या वेळात थांबते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही. गालाला सूज कधी आली नव्हती. हिरडीवर पुळी नाही, दाढेवर ठोकलं तर दुखत नाही. या प्रत्येक उत्तराला अर्थ आहे. आपोआप सुरू होऊन रात्रभर ठणकणारं दुखणं असतं, किंवा हिरडीवर पुवाची पुळी असती, तर आतला पल्प बहुतेक हाताबाहेर गेलेला किंवा मेलेला निघाला असता. इथे तो दुखावलेला होता, पण जिवंत असण्याची शक्यता चांगली होती. एक्स-रेमध्ये कीड पल्पच्या अगदी जवळ पोचलेली दिसली. मुळांच्या टोकाशी आणि दोन मुळांच्या मधल्या हाडात काळी सावली नव्हती. आणि दोन्ही मुळं खालून रुंद उघडी होती.

आठ वर्षं. पहिल्या वर्षाचा तक्ता आठवा. मुळं नऊ ते दहाव्या वर्षी पूर्ण होतात. मोठ्या माणसाच्या किडलेल्या दाढेत आपण रूट कॅनल करतो, म्हणजे सगळा पल्प काढून आतली पोकळी भरतो. इथे तेच केलं असतं तर मूळ जिथे होतं तिथेच थांबलं असतं. भिंती कागदासारख्या पातळ राहिल्या असत्या, आणि काही वर्षांत ती दाढ हिरडीच्या पातळीला तुटण्याची भीती होती. म्हणून बेत असा ठरला की पल्पचा वरचा आजारी तुकडा तेवढा काढायचा आणि खालचा जिवंत ठेवायचा, म्हणजे हर्टविगच्या पडद्याला त्याचं काम पुरं करता येईल.

भूल इंटर्न मुलीने माझ्या देखरेखीखाली दिली. मुलाचं वजन 22 किलो. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची कमाल मात्रा किलोला 4.4 मिलिग्रॅम धरली तर 96.8 मिलिग्रॅम होते. 2 टक्क्यांच्या द्रावणात एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम असतात, म्हणजे वरची मर्यादा साधारण 4.8 मिलिलिटर. आम्हाला दीड पुरलं. पण हा हिशेब तिने सुई हातात घेण्याआधी कागदावर केला होता, आणि तो न करता मी तिला पुढे जाऊ दिलं नसतं. मग जबड्याचं ते छिद्र. मोठ्या माणसात ते दाढांच्या चावण्याच्या पातळीच्या वर असतं, म्हणून सुईही वर जाते. लहान मुलात ते खाली असतं, जवळजवळ त्याच पातळीला. मोठ्यांच्या सवयीने सुई टोचली तर भूल चढत नाही. मूल रडतं आणि पुन्हा तोंड उघडत नाही. तिने औषध सोडण्याआधी सिरिंज किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघितलं, आणि मग सावकाश औषध सोडलं.

दाढेभोवती रबर डॅम बसवला, म्हणजे थुंकी आत येणार नाही. कीड बाजूंनी आधी काढली, मधली शेवटी. टाचणीच्या डोक्याएवढा पल्प उघडा पडला. वरचा साधारण दोन मिलिमीटर थर पाण्याच्या फवाऱ्याखाली वेगवान यंत्राने काढला आणि सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा त्यावर ठेवला. त्यानंतरची काही मिनिटं या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची होती. रक्त पाचेक मिनिटांत थांबलं तर खालचा पल्प निरोगी आहे असं धरता येतं. थांबलं नाही तर सूज खोल गेलीय, आणखी खाली काढावं लागतं, कधी कधी बेतच बदलावा लागतो. इथे रक्त थांबलं. मग त्यावर एमटीए नावाचं सिमेंटसारखं औषध, त्यावर ग्लास आयोनोमर. पुढच्या भेटीत स्टीलची कॅप. आईला सांगितलं की दोन-तीन तास ओठ सुन्न राहील, तोवर त्याला काही चावायला देऊ नका. मुलं सुन्न ओठ गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी तो टरारून सुजतो.

हे तिला अहिराणीत सांगितलं, हेही महत्त्वाचं आहे. आपल्याकडे ओपीडीत अहिराणी चालते, नंदुरबारकडून भिली आणि पावरी बोलणारे येतात. "मनी दाढ दुखी ऱ्हायनी" म्हणणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले की ती सगळ्याला हो म्हणते, आणि तुमचं निदान चुकतं. तुमच्यातले जे घरी अहिराणी बोलतात त्यांनी ती कॉलेजात लपवू नये. जे बोलत नाहीत त्यांनी मित्रांकडून शिकून घ्यावी. कधीपासून दुखतं, रात्री दुखतं का, गार लागतं का, एवढी तीन वाक्यं पहिल्या वर्षातच येतात.

तीन महिन्यांनी बोलावलं होतं. ते आले नाहीत, वेचणी सुरू होती. इंटर्न मुलीने फोन केला, आणखी केला, आणि वेचणी उरकल्यावर ते आले. पुढची तपासणी वर्षाच्या सुमारास झाली. दोन एक्स-रे शेजारी ठेवले तेव्हा नव्यात मुळांच्या भिंती जाड झालेल्या होत्या आणि खालचं उघडं तोंड बरंच अरुंद झालेलं होतं. सूज नाही, पुळी नाही, दाढ हलत नाही, हाडात सावली नाही. त्या दाढेचा धोका पूर्ण संपलेला नाही. पल्प नंतरही मरू शकतो, म्हणून तो मुलगा अजून तपासणीला येतो. पल्प मेलाच तर मुळाचं टोक औषधाने बंद करावं लागेल, आणि तोवर जेवढी भिंत वाढली तेवढी त्याच्या उपयोगी पडेल.

तुम्हाला या वर्षांतून काय मिळणार, असं कोणी विचारलं तर मी ते दोन एक्स-रे दाखवते. आपल्या क्षेत्रात इतकं मोजून दिसणारं फळ फार लवकर हाताला लागतं. तेविसाव्या वर्षी त्या मुलीने एक मूळ वाढताना बघितलं, जे तिच्या मोजण्याशिवाय वाढलं नसतं. वयाचा तक्ता, पेशींचं चित्र, हाडातलं छिद्र, मात्रेचा हिशेब, सगळं तिने पहिल्या दोन वर्षांत कुरकुरत शिकलेलं होतं. मेणात दाढेची पुढची आणि मागची बाजू ओळखायला शिकलेल्या बोटांनाच कळतं की पल्पचं पुढचं टोक वर आलेलं असतं आणि तिथे यंत्र जपून न्यायचं असतं.

पैशाबद्दलही बोलते, कारण मागच्या रांगेतल्या वडिलांच्या मनात तेच आहे आणि ते बरोबर आहे. बीडीएस संपताच मोठी कमाई सुरू होत नाही. बरेच जण आधी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये काम करतात, काही एमडीएसची तयारी करतात. स्वतःच्या खुर्चीला, यंत्रांना, निर्जंतुकीकरणाच्या साधनांना मोठं भांडवल लागतं. खेड्याजवळच्या बाजारगावात क्लिनिक टाकणाऱ्यांचा जम हळू बसतो, पण एकदा बसला की एका आजीमागून तिचं अख्खं घर येतं. पाच वर्षांनंतर आणखी तीन-चार वर्षं धीर धरायची घरच्यांची तयारी आहे का, हे आज संध्याकाळी घरी बोलून घ्या. सवलती आणि शिष्यवृत्त्या असतील तर त्यांचे कागद पहिल्या महिन्यातच भरा. परीक्षेच्या तोंडावर दाखले गोळा करत तहसील कचेरीत फिरणारी मुलं मी दरवर्षी बघते.

पहिल्या प्रॅक्टिकलला येताना एक स्टीलची पट्टी, एक डिव्हायडर, जुनं सुती फडकं आणि बारीक टोकाची पेन्सिल आणा. तुमच्या गावातल्या दंतवैद्याकडे काढलेले दात मिळतात का विचारा. मिळाले तर उघड्या हाताने धरू नका, घरी स्वच्छ करत बसू नका. झाकणाच्या बाटलीत घालून विभागात आणून द्या, निर्जंतुक करायची पद्धत तिथे शिकवतील. खऱ्या दाढेसमोर बसून कोरलेलं मेण चित्रावरून कोरलेल्यापेक्षा नेहमी चांगलं होतं.

* * *

भाषण एवढंच. बोलताना मात्रेचा हिशेब फळ्यावर लिहून दाखव, नुसता ऐकवू नकोस. आकडे मोठे नाहीत, मुलं स्वतः गुणाकार करतील आणि तेवढ्यात जागी होतील. साक्रीच्या मुलाच्या जागी तुझ्या विभागातली एखादी केस घेतलीस तर एक अट पाळ. तिच्यातला निर्णय पहिल्या वर्षी शिकलेल्या एखाद्या गोष्टीवर फिरला पाहिजे, नाहीतर समोरच्यांना ते लांबचं वाटेल. आणि यश सांगतोस तिथेच ते कशामुळे फसलं असतं तेही सांग. रक्त थांबलं नसतं तर काय केलं असतं, हा भाग वगळू नकोस. मुलांचा विश्वास तिथे बसतो.

शेवटी एक मागणं. पालक येणार म्हणतोस, तर बऱ्याच जणांसोबत धाकटी भावंडंही येतील. कार्यक्रम संपल्यावर बालदंत विभागाची ओपीडी दोन तास उघडी ठेवायला सांग आणि सहा ते आठ वर्षांच्या मुलांना तिकडे पाठव. दाढ पुरती बाहेर आलेली असेल, किडलेली नसेल आणि कोरडी ठेवता येत असेल, तर तिथेच लेप लावून होईल. अर्धी हिरडीखाली असेल तर लेप टिकत नाही, त्यांना पुढची तारीख द्या. नव्या मुलांपैकी ज्यांना बघायचं असेल त्यांना मागे उभं राहू दे, आणि प्रत्येक तोंडात समोरून सहापर्यंत मोजायचं काम त्यांच्याकडेच दे.